हडंब्याची नोंद मेसेजवर: तयार मजकुराची लिंक आणि फोनाफोनांतला फरक

दसऱ्याच्या आगेमागे वाशीम जिल्ह्यात सोयाबीनच्या गंज्या लागतात आणि ज्याच्याकडे हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, आहे त्याचा फोन दिवसभर वाजत राहतो. हे प्रकरण अशाच एका हडंब्याचं आहे. मंगरुळपीर तालुक्यातल्या एका गावातले हे भाऊ ट्रॅक्टरवर मळणीयंत्र चालवतात आणि आजूबाजूच्या पाच-सहा गावांत सोयाबीन काढून देतात. हडंबा सुरू असला की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, मग खिशातल्या फोनची रिंग कुठून ऐकू येणार? शेतकरी चार-चारदा फोन लावतो, उत्तर नाही म्हणून दुसऱ्या हडंबेवाल्याकडे जातो, किंवा भाऊंच्या घरी फोन करतो. घरी वही वहिनींच्या हाती असते. त्यांचं म्हणणं होतं, "त्यायले लावला तं उचलत नाई, मंग सारे मलेच लावतेत. मी सैपाक करू का वही लिहू?"

वहिनींना पाहिजे होतं ते इतकंच, की नोंद लिहिलेली यावी, तिच्यात गाव, एकर, कधीपासून पाहिजे आणि नाव असावं, आणि ती सवडीने पाहता यावी. व्हॉट्सॲप चाललं असतं, पण शिवारात नेटचा भरवसा नाही. एक कांडी दिसत असते, फोन लागतो, साधा मेसेज जातो, पण व्हॉट्सॲपवर घड्याळाचं चिन्ह तसंच राहतं. एसएमएसला इंटरनेट लागत नाही, फोनचा सिग्नल पुरतो. म्हणून एसएमएस ठरला. अडचण एवढीच, की "आपल्या हाताने मेसेज टाइप करा, त्यात अमुक चार गोष्टी लिहा" असं सांगितलं की कोणी "सोयाबीन काढायचं हाय" एवढंच लिहितो आणि गाव विसरतो. मेसेज आधीच अर्धा लिहिलेला असावा, शेतकऱ्याने फक्त पाठवावा, असं पाहिजे होतं. हे काम `sms:` ने सुरू होणारी लिंक करते. मी तालुक्याच्या ठिकाणी ऑनलाइन कामाचं दुकान चालवतो, तेव्हा ती करून देण्याचं माझ्याकडे आलं.

`tel:` लिंक दाबली की डायलर उघडतो हे बहुतेकांनी पाहिलेलं असतं. `sms:` तशीच आहे, फक्त ती मेसेजचं ॲप उघडते, नंबर भरून ठेवते आणि सोबत मजकूर दिला असेल तर तोही भरते. या लिंकचा रीतसर नियम २०१० साली आरएफसी ५७२४ या नावाने ठरला. त्यानुसार लिंक अशी असते:

```
sms:+91XXXXXXXXXX?body=Hadamba
```

नंबरच्या आधी `+91` द्यावं, मध्ये जागा किंवा आडवी रेघ ठेवू नये. प्रश्नचिन्हानंतर `body=` आणि त्यापुढे मजकूर. नियमाच्या दृष्टीने एवढ्यावर काम संपतं. अँड्रॉइडवर ही लिंक चालते आणि आपल्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइडच आहे, म्हणून अनेकजण इथेच थांबतात.

पण गावातले काही पुण्या-मुंबईला नोकरीला आहेत, त्यांची शेती इथे आहे, आणि हडंब्याची नोंद बापाच्या वतीने तेच करतात. त्यांच्याकडे आयफोन असतो. ॲपलच्या जुन्या कागदपत्रांत तर स्पष्ट लिहिलेलं होतं की `sms:` लिंकमध्ये मेसेजचा मजकूर देऊ नये. प्रत्यक्षात आयफोन मजकूर घेत होता, पण आपल्या पद्धतीने. आयओएस ७ पर्यंत नंबर आणि `body` यांच्यामध्ये अर्धविराम लागायचा. आयओएस ८ पासून तिथे `&` लागू लागला. म्हणजे एकाच कामासाठी तीन तऱ्हा:

```
sms:+91XXXXXXXXXX?body=Hadamba
sms:+91XXXXXXXXXX;body=Hadamba
sms:+91XXXXXXXXXX&body=Hadamba
```

पहिली नियमाची आणि अँड्रॉइडची, दुसरी जुन्या आयफोनची, तिसरी त्यानंतरच्या आयफोनची. चुकीची तऱ्हा दिली तर फोन काही तक्रार करत नाही. मेसेजचं ॲप उघडतं, पण खोका रिकामा असतो, किंवा `body` सकट सगळं नंबरच्या खोक्यात जाऊन बसतं. पाहणाऱ्याला वाटतं लिंक चालली, कारण ॲप तर उघडलं. म्हणून तपासताना ॲप उघडलं का एवढं पाहून भागत नाही. नंबरच्या जागी फक्त नंबर आहे का आणि मजकुराच्या जागी पूर्ण मजकूर आहे का, हे दोन्ही पाहावं लागतं.

फोन ओळखून वेगवेगळी लिंक देता येते, पण त्यापेक्षा सोपा तोडगा बरीच वर्षं वापरात आहे. प्रश्नचिन्ह आणि `&` दोन्ही लागोपाठ लिहायचे:

```
sms:+91XXXXXXXXXX?&body=Hadamba
```

अँड्रॉइड प्रश्नचिन्हापासून पुढचा भाग तोडतो आणि `&` च्या ठिकाणी त्याचे तुकडे करतो. पहिला तुकडा रिकामा निघतो, तो सोडून देतो, दुसऱ्यात `body` सापडतो. आयफोनला जो `&` पाहिजे असतो तोही जागेवर असतो. नियमाच्या पुस्तकात ही तऱ्हा सुचवलेली नाही, पण दोन्हीकडचं वाचन तिच्यावर जुळतं. आमच्याकडे अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर हीच चालली, म्हणून हीच ठेवली.

भाऊंची इच्छा होती की मेसेज त्यांच्या आणि वहिनींच्या अशा दोन्ही नंबरांवर जावा. इथे मी नको म्हटलं. नियमात दोन नंबरांमध्ये स्वल्पविराम आहे, पण काही अँड्रॉइड फोन अर्धविराम ओळखतात, आणि आयफोनला दोन नंबर द्यायचे तर लिंकचा साचाच निराळा लागतो. शिवाय दोन नंबर दिले की काही मेसेज-ॲप तो ग्रुप मेसेज समजून एमएमएस म्हणून पाठवू पाहतात, आणि एमएमएसला नेट लागतं. ज्या अडचणीमुळे एसएमएस निवडला तीच मागच्या दाराने परत येते. एकच नंबर ठेवला, वहिनींचा.

आता मजकूर. लिंकमध्ये मजकूर जसाच्या तसा लिहून चालत नाही. जागा, नवी ओळ, `&`, `#`, `%` आणि देवनागरी अक्षरं, सगळं टक्क्याच्या चिन्हांत बदलावं लागतं. मोकळी जागा `%20` होते, नवी ओळ `%0A`. मजकुरात उघडा `&` राहिला तर मेसेज तिथेच तुटतो; "सोयाबीन & तूर" मधलं "सोयाबीन" येतं आणि तूर गायब होते. `#` च्या बाबतीतही तसंच. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, आणि काना-मात्रा-अनुस्वार वेगळे धरून, तीन बाइटचं असतं आणि प्रत्येक बाइटला `%` धरून तीन चिन्हं लागतात. म्हणून एका अक्षराची नऊ चिन्हं होतात. "हडंबा" हा एवढासा शब्द लिंकमध्ये असा दिसतो:

```
%E0%A4%B9%E0%A4%A1%E0%A4%82%E0%A4%AC%E0%A4%BE
```

हे हाताने करायचं काम नाही, जावास्क्रिप्टचं `encodeURIComponent` ते करतं. एक सावधगिरी मात्र घ्यावी. फॉर्मसाठी वापरतात ते `URLSearchParams` घेतलं तर मोकळ्या जागेच्या ठिकाणी `+` येतो. वेबसाइटच्या फॉर्ममध्ये `+` म्हणजे जागा असा संकेत आहे, पण मेसेजच्या ॲपला तो पाळण्याचं बंधन नाही. अशा लिंकवरून काही फोनवर "हडंबा+शेलू+एकर+4" असा मेसेज तयार होतो. असे अधिकचे चिन्ह दिसले की समजावं, मजकूर बदलताना चुकीचं साधन वापरलं गेलं आहे.

मजकुराचा पहिला आराखडा वहिनींच्या वहीच्या रकान्यांवरून केला होता. पाच ओळी होत्या: हडंबा नोंद, नाव, गाव, एकर, तारीख, आणि प्रत्येकापुढे विसर्गासारखी दोन टिंबं, म्हणजे शेतकरी तिथे भरेल. कागदावर हे चांगलं दिसतं. फोनवर मात्र मजकूर भरून आला की कर्सर शेवटी जाऊन बसतो, "तारीख:" च्या पुढे. मधल्या ओळीत लिहायचं तर बोटाने नेमक्या जागी दाबावं लागतं, आणि छोट्या पडद्यावर शेतातल्या उन्हात ते भल्याभल्यांना जमत नाही. आम्ही चार-दोन शेजाऱ्यांच्या हाती फोन दिला तेव्हा जवळपास सगळ्यांनी नाव, गाव, एकर सगळं तारखेच्या पुढे एका दमात लिहिलं. वरच्या ओळी रिकाम्याच राहिल्या. त्यावरून दोन गोष्टी ठरल्या. जिथे पान उघडतं तिथे प्रश्न पानावरच विचारायचे आणि पूर्ण झालेला मजकूर मेसेजमध्ये टाकायचा. आणि जिथे पान नाही तिथे रिकामी जागा एकच ठेवायची, ती सुद्धा अगदी शेवटी.

पान साधं आहे. गाव यादीतून निवडायचं, एकर आणि नाव लिहायचं, कधीपासून पाहिजे ते निवडायचं. खाली एक बटन. मजकूर आणि लिंक जोडण्याचा भाग एवढाच:

```js
const text = ["हडंबा", gaon, "एकर " + ekar,
              kadhi, nav].join("\n");
link.href = "sms:+91XXXXXXXXXX?&body=" +
            encodeURIComponent(text);
```

मोबाईल नंबर विचारलेला नाही, कारण एसएमएससोबत तो येतोच. खोका जितका कमी तितका शेतकरी पुढे जातो.

मजकूर लहान का ठेवला, तेही सांगायला पाहिजे. इंग्रजी अक्षरांचा एक एसएमएस १६० अक्षरांचा असतो. देवनागरीचं एक अक्षर जरी त्यात आलं, तरी पूर्ण मेसेज दुसऱ्या पद्धतीने पाठवला जातो आणि मर्यादा ७० वर येते. त्यापुढे गेला की त्याचे ६७-६७ चे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा वेगळा मेसेज म्हणून मोजला जातो. इथेही काना, मात्रा, अनुस्वार प्रत्येकी एक धरायचे. आपल्या मजकुराचा हिशेब करून पाहू. "हडंबा" ५, नवी ओळ १. "शेलू" ४, नवी ओळ १. "एकर ४" मध्ये जागा धरून ५, नवी ओळ १. "१२ तारखेनंतर" १२, नवी ओळ १. झाले ३०. नावासाठी ४० उरतात, आणि नाव-आडनाव त्यात आरामात बसतं. तेच "कृपया आमच्या शेतातील सोयाबीन काढणीसाठी आपला हडंबा पाठवावा ही विनंती" असं शिष्टाचाराचं वाक्य घातलं असतं, तर नाव यायच्या आधीच एक मेसेज भरला असता. कमकुवत सिग्नलवर दोन तुकड्यांपैकी एक पोचतो, एक रखडतो, आणि मग पूर्ण मेसेज उघडायला वेळ लागतो. शेतात उभ्या माणसासाठी एका मेसेजात मावणं ही खरी सोय आहे.

लिंक तयार झाली, ती लोकांपर्यंत न्यायची कशी? सगळ्यांच्या मनात पहिलं येतं ते गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं. तिथे `sms:` ने सुरू होणारी लिंक निळी होत नाही, ती साधं अक्षर म्हणून पडून राहते, दाबून काही होत नाही. व्हॉट्सॲप `https` च्या पत्त्याला लिंक मानतं. म्हणून ग्रुपवर पानाचा पत्ता टाकायचा आणि `sms:` लिंक पानाच्या बटनात ठेवायची. हे पान गावात, नेट असताना एकदा उघडून ठेवलं की मेसेज पाठवताना नेट लागत नाही, कारण मजकूर जोडण्याचं काम फोनमध्येच होतं.

पण काही ॲप पानाला आपल्या आतल्याच खिडकीत उघडतात, ब्राउझरकडे देत नाहीत. अशा खिडकीला `sms:` म्हणजे काय हे शिकवलेलं नसेल तर बटन दाबल्यावर पांढऱ्या पडद्यावर `net::ERR_UNKNOWN_URL_SCHEME` असं येतं. शेतकरी त्याचा अर्थ "वेबसाइट बंद पडली" असा लावतो. दोष पानाचा नसतो, लिंकचाही नसतो. वरच्या तीन टिंबांतून पान क्रोममध्ये उघडलं की तेच बटन चालतं. पानाच्या तळाशी आम्ही ही एक ओळ लिहून ठेवली आहे आणि ती वाचून दोघा-तिघांनी स्वतःहून मार्ग काढला.

दुसरा मार्ग कागदाचा. एसटी थांबा, कृषी केंद्र, पिठाची चक्की, अशा ठिकाणी क्यूआर चिकटवला. इथे लिंक टक्क्यांच्या चिन्हांत घालायची गरज नाही. क्यूआरसाठी मेसेजची वेगळी जुनी पद्धत आहे आणि बहुतेक कॅमेरे ती ओळखतात:

```
SMSTO:+91XXXXXXXXXX:हडंबा शेलू नाव, एकर: 
```

फरक फक्त सोयीचा नाही, तो छपाईत दिसतो. हा मजकूर ७१ बाइटचा आहे आणि मधल्या दर्जाची दुरुस्ती-क्षमता ठेवून ३७ बाय ३७ चौकटींच्या क्यूआरमध्ये बसतो. तोच मजकूर `sms:` आणि `%E0` च्या रूपात घातला तर १७७ बाइट होतात आणि क्यूआर ५३ बाय ५३ चा लागतो. साध्या प्रिंटरवर काढलेला, धूळ बसलेला, कडा उचकटलेला कागद दाट चौकटींचा असेल तर जुन्या फोनचा कॅमेरा त्यावर फिरत राहतो आणि वाचत नाही. मोकळ्या चौकटींचा लगेच वाचतो.

क्यूआरच्या मजकुरात गावाचं नाव आधीच आहे, कारण प्रत्येक गावचा कागद वेगळा काढला. शेलूच्या थांब्यावर शेलूचा, दुसरीकडे दुसरा. शेतकऱ्याला फक्त शेवटी, जिथे कर्सर थांबलेला आहे तिथे, नाव आणि एकर लिहायचे. तयार मजकूर २१ चा आहे, म्हणजे एका मेसेजात त्याला ४९ अक्षरांची जागा राहते. मला या संपूर्ण कामातला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो, कारण वहिनींची जी तक्रार होती की लोक गाव लिहायचं विसरतात, ती त्यांना काही न शिकवता मिटली.

बटनाच्या फोनवाल्यांसाठी त्याच कागदावर खाली मोठ्या अक्षरांत नमुना लिहिला: `HADAMBA SHELU RAMBHAU 4`. त्यांना इंग्रजी अक्षरं सोपी पडतात, आणि त्यात मर्यादा १६० ची असल्याने काळजी नाही.

आता पाठवण्याच्या टोकाला जे घडलं ते. `sms:` लिंक मेसेज पाठवत नाही, फक्त लिहून समोर ठेवते. पाठवण्याचा बाण माणसानेच दाबायचा असतो, आणि हे बरोबरच आहे, नाहीतर कुठलंही पान कोणाच्याही पैशाने मेसेज पाठवू शकलं असतं. पण ज्याने पानावर बटन दाबलं त्याला वाटतं नोंद झाली. मेसेजचं ॲप उघडलं, मजकूर दिसला, मागे आला. मेसेज तसाच मसुद्यात पडून राहिला. पानाला हे कळण्याची कुठलीही सोय नाही. मेसेज-ॲप उघडल्यानंतर काय झालं, पाठवला की नाही, हे ब्राउझरला परत सांगितलंच जात नाही. म्हणून "नोंद झाली" असं पानावर कधीही दाखवू नये. आमच्या बटनावर आधी "नोंद करा" असं लिहायचं चाललं होतं, त्याऐवजी "मेसेज उघडा" ठेवलं, आणि खाली लाल अक्षरांत "पुढच्या पडद्यावर बाण दाबल्यावरच मेसेज जातो. वहिनींचं उत्तर आलं की नोंद पक्की" हे दिलं. उत्तर वहिनी हाताने देतात: तारीख आणि "सकाळी" किंवा "दुपारनंतर". उत्तर नाही म्हणजे नोंद नाही, हा एकच नियम गावात सांगितला.

काहींचा बाण दाबूनही मेसेज जात नाही. खाली "पाठवला नाही" किंवा लाल उद्गारचिन्ह येतं. याचं सगळ्यात साधं कारण पॅक असतं. फोन लावता येतो, नेटही चालतं, पण काही स्वस्त पॅकमध्ये एसएमएस नसतात आणि मुख्य खात्यात पैसे नसले की मेसेज अडतो. कॉल फुकट असल्याने माणसाला वाटतं मेसेजही फुकटच असणार. अशावेळी लिंकचा काही उपयोग नाही, तो माणूस फोनच करेल, आणि त्याला फोन करू द्यावा.

दोन सिमचा प्रकार अधिक गुंतागुंतीचा. आपल्याकडे बहुतेक फोनात दोन सिम असतात. एक सिम नेटचं, दुसरं जुन्या ओळखीचं. लिंकमधून कुठल्या सिमवरून पाठवायचं हे ठरवता येत नाही, ते फोनच्या सेटिंगवर असतं. वहिनींच्या वहीत माणसाचा एक नंबर, मेसेज आला दुसऱ्यावरून, आणि वहिनी वहीतल्या नंबरवर वळून फोन लावतात तो लागतच नाही, कारण त्या नंबरचं सिम बंद ठेवलेलं असतं. यावर उपाय म्हणून मेसेजमधलं नाव कायम ठेवलं, आणि वहिनींना सांगितलं की उत्तर नेहमी ज्या नंबरवरून मेसेज आला त्याच नंबरवर, त्याच मेसेजच्या खाली द्यायचं.

एक अडचण वहिनींच्या फोनची होती, आणि ती उशिरा लक्षात येण्यासारखी आहे. त्यांच्या फोनवर गूगलचं मेसेज ॲप आहे आणि त्यात आरसीएस चॅट सुरू होतं. पाठवणाऱ्याकडेही ते सुरू असेल तर लिंकवरून तयार झालेला मेसेज एसएमएस म्हणून न जाता नेटवरून जातो. पाठवणाऱ्याला फरक वाटत नाही, तीच जागा, तोच बाण. पण वहिनी दुपारी शेतात डबा घेऊन गेल्या, तिथे नेट नाही, तर मेसेज त्यांच्यापर्यंत येत नाही आणि संध्याकाळी घरी आल्यावर दहा नोंदी एकदम पडतात. तोवर त्यांनी दुसऱ्याला तीच तारीख दिलेली असते. ओळखायचं असं: लिहिण्याच्या खोक्यात "आरसीएस मेसेज" असं पुसट लिहिलेलं दिसतं, एसएमएस असेल तर "टेक्स्ट मेसेज". वहिनींच्या फोनमध्ये मेसेज ॲपच्या सेटिंगमधून आरसीएस चॅट बंद केलं. घेणाऱ्याकडे ते बंद असलं की पाठवणाऱ्यांचे फोन आपोआप साधा एसएमएस पाठवतात. आलेले एसएमएस वहीऐवजी एखाद्या ॲपने आपोआप यादीत उतरवून घ्यायचे म्हटलं, तरी हेच करावं लागेल, कारण एसएमएस वाचणाऱ्या ॲपला आरसीएसचे मेसेज सापडत नाहीत.

मी भाऊंना विचारलं की दुसरा हडंबा घेतला तर वेगळा नंबर ठेवणार का. ते म्हणाले, "नंबर एकच राहू द्या, वही एकच हाय." नंबर बदलायचा झाला तर पानावर एका जागी बदलता येतो, पण भिंतीवरच्या क्यूआरमध्ये नंबर छापून बसलेला असतो आणि तो कागदच बदलावा लागतो. म्हणून सगळे क्यूआर कुठे कुठे लावले याची यादी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा निघेल तेव्हा हेच कागद चालतील, कारण मजकुरात पिकाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. पानावर मात्र पिकाची एक निवड वाढवायची आहे, कारण हरभरा आणि तुरीसाठी हडंब्याची जाळी वेगळी लावावी लागते आणि ती आदल्या दिवशीच ठरवावी लागते. "पीक" ही ओळ वाढवली तर "हरभरा" आणि नवी ओळ धरून सहा अक्षरं जातील, नावासाठी चौतीस उरतील.